१ ऑक्टोबरच्या रक्तदान शिबिरासाठी २२ स्वयंसेवक हवेत: वेळ एकूण अडीच तास, जमत नसेल तर काहीही करायची गरज नाही

दि. ८ सप्टेंबर २०२६
प्रति: सातपूर कारखान्यातील सर्व कर्मचारी (कायम, कंत्राटी, प्रशिक्षणार्थी, तिन्ही पाळ्या)

सप्रेम नमस्कार,

गुरुवार, १ ऑक्टोबर २०२६ रोजी, राष्ट्रीय ऐच्छिक रक्तदान दिनी, कारखान्याच्या प्रशिक्षण हॉलमध्ये सकाळी ९:३० ते दुपारी २:३० रक्तदान शिबिर आहे. दुसऱ्या दिवशी गांधी जयंतीची सुट्टी असल्याने रक्तदात्यांना आराम मिळेल, म्हणूनच हा दिवस निवडला.

हे पत्र रक्त देण्यासाठी नाही. शिबिर चालवायला हात हवेत, त्यासाठी आहे. स्वयंसेवक झालात म्हणजे रक्त दिलंच पाहिजे असं नाही, आणि रक्त देणाऱ्याने कामही करावं अशी अपेक्षा नाही. दोन्हींची नोंदणी वेगळी आहे. गणेशोत्सवात मंडळाच्या शिबिरात रक्त देणाऱ्यांना १ तारखेला पुन्हा देता येणार नाही (दोन रक्तदानांमध्ये पुरुषांना ९० दिवस, स्त्रियांना १२० दिवस अंतर लागतं). त्यांना या शिबिरात सहभागी व्हायचं असेल तर हा चांगला मार्ग आहे.

वेळ किती जाईल

तीन तुकड्या आहेत. एका माणसाने एकच घ्यायची.

पहिली: सकाळी ९:०० ते ११:१०
दुसरी: सकाळी ११:०० ते दुपारी १:१०
तिसरी: दुपारी १:०० ते ३:१०

मधली दहा मिनिटं काम सोपवण्यासाठी ठेवली आहेत. ती नसतील तर नोंदणीच्या टेबलावरचा माणूस उठतो, नवा बसेपर्यंत रांग तुंबते आणि पुढचा तासभर ती सुटत नाही.

याशिवाय मंगळवार, २९ सप्टेंबरला २० मिनिटांची माहिती बैठक आहे, दुपारी २:३० किंवा ४:१५ला, यापैकी एकीला यायचं. म्हणजे एकूण अडीच तास. घरी न्यायचं काम नाही, व्हॉट्सॲप गट नाही, सुट्टीच्या दिवशी बोलावणं नाही. हा सगळा वेळ कामाच्या तासांत धरला जाईल, हजेरीत "ड्युटी" म्हणून लागेल, पगार कापला जाणार नाही. ओव्हरटाइम मात्र मिळणार नाही, कारण कुणालाही पाळीबाहेर थांबावं लागणार नाही. तिसरी तुकडी ३:१०ला मोकळी होते, त्यामुळे पहिल्या पाळीची ३:४०ची बस चुकत नाही.

दुसऱ्या पाळीच्या लोकांनी १ तारखेला लवकर येऊ नये. त्यांच्यासाठी वेगळं काम आहे: बुधवारी, ३० सप्टेंबरला ४ ते ५ या वेळेत हॉल मांडणं. चार जण लागतील, वेळ एक तास, बैठकीला यायची गरज नाही. रात्रपाळीच्या कुणाचीही आम्ही अपेक्षा धरलेली नाही. रात्र जागून आलेल्या माणसाला थांबवणं योग्य नाही.

दुसऱ्या तुकडीची जेवणाची वेळ कामात जाते. त्यांच्यासाठी कँटीनमध्ये १:४५पर्यंत ताटं राखून ठेवली जातील. तिसऱ्या तुकडीने १ वाजण्याआधी जेवून यावं.

काम काय आहे

प्रत्येक तुकडीत सहा जण. चार खाटा, एका दात्यामागे साधारण १५ मिनिटं खाट अडकते, म्हणजे तासाला १६ दाते आणि पाच तासांत ८०. आमचा अंदाजही ८० दात्यांचाच आहे. हिशेबात मोकळी जागा अजिबात नाही, म्हणून खाटेवर माणूस वेळेवर पोहोचणं महत्त्वाचं आहे. खाटा रिकाम्या आणि बाहेर तीस जणांची रांग हे दृश्य बहुतेक शिबिरांत दिसतं. कारण खाटा कमी असतात असं नाही. हिमोग्लोबिन आणि वजन तपासायच्या टेबलापाशी सगळे एकदम येतात, तिथे अडतं.

म्हणून दोन जण नोंदणीला: नाव, विभाग, फोन, शेवटचं रक्तदान कधी, आणि टोकन. हे बसून करायचं काम आहे. गुडघे दुखत असतील, जास्त वेळ उभं राहता येत नसेल तर फॉर्ममध्ये "बसून" लिहा, हेच मिळेल.

एक जण फोनवर. विभागांतून एकदम माणसं न येता दर १५ मिनिटांनी चार-चार जण यावेत यासाठी सुपरवायझरना फोन करायचा. विभागांची यादी आम्ही देऊ. फोनवर आवाज चढवायची सवय नसलेला माणूस इथे हवा.

एक जण रांगेपाशी. टोकन पाहून आत सोडायचं आणि प्रत्येकाला एवढंच विचारायचं: "चार तासांत काही खाल्लंय का?" उपाशी पोटी आलेल्याला आधी कँटीनकडे पाठवायचं, त्याचं टोकन तसंच ठेवायचं. चक्कर येण्याचं हे एक मोठं कारण आहे आणि ते दारातच टाळता येतं.

दोन जण विश्रांतीच्या जागी. सगळ्यांत जबाबदारीचं काम हेच. रक्त दिल्यावर दाता किमान १५ मिनिटं बसला पाहिजे, लिंबू सरबत, बिस्किटं, केळं घेतलं पाहिजे. लोक पाच मिनिटांत उठतात, "मला काही होत नाही" म्हणतात आणि दारापाशी जाऊन कोसळतात. तेव्हा डोक्याला मार बसतो, त्यातून खरी इजा होते. चेहरा पांढरा पडणं, कपाळावर घाम, सारख्या जांभया, बोलणं मंदावणं, यातलं काही दिसलं की उभं करू नका, चालवू नका. जागेवरच आडवं करा, पाय वर घ्या, डॉक्टरांना हाक मारा. पूर्ण भानावर येईपर्यंत पाणीही पाजू नका. सुईच्या जागेतून रक्त झिरपलं तर हात वर करून कापसावर दाबून धरायला दात्यालाच सांगा. हे सगळं २९च्या बैठकीत रक्तपेढीचे लोक करून दाखवतील. डॉक्टर आणि तंत्रज्ञ शिबिरात पूर्ण वेळ असतील.

स्वयंसेवकांनी काय करायचं नाही

सुया, पिशव्या, वापरलेला कापूस यांना हात लावायचा नाही. तो कचरा रक्तपेढीचे लोकच वेगळ्या पिशव्यांत घालून घेऊन जातात. केळ्याच्या साली आणि कपांसाठी आपला डबा वेगळा ठेवू.

दात्याने भरलेली आरोग्याची प्रश्नावली वाचायची नाही. ती थेट डॉक्टरांकडे जाते. एखाद्याला रक्त देऊ दिलं नाही, तर का ते विचारायचं नाही, दुसऱ्यांसमोर तर नाहीच. हिमोग्लोबिन १२.५च्या खाली, वजन ४५ किलोपेक्षा कमी, चालू औषधं, नुकताच काढलेला टॅटू, कारणं अनेक असतात आणि काही खूप खाजगी असतात. "तुझं का नाही घेतलं रे?" हा प्रश्न प्रेमाने विचारला तरी माणूस पुढच्या वेळी येत नाही. परत आलेल्यालाही सरबत द्यायचं, बसवायचं, बस्स.

कुणालाही रक्त द्यायला आग्रह करायचा नाही.

यायचं असेल तर

मंगळवार, २२ सप्टेंबर, सायंकाळी ५ वाजेपर्यंत कळवा. हजेरी यंत्राशेजारच्या सूचनाफलकावरचा क्यूआर कोड स्कॅन करा. फॉर्ममध्ये पाचच गोष्टी आहेत: नाव, टोकन नंबर, तुकडी, बसून की उभं, बैठकीची वेळ. दोन मिनिटं लागतात. फोनवरून नको असेल तर मनुष्यबळ विभागात एक्स्टेंशन २१४वर सांगा, आम्ही लिहून घेऊ. सुपरवायझरची परवानगी तुम्ही मागायची नाही. यादी पक्की झाली की आम्हीच त्यांच्याशी बोलून लाइनवर बदली माणूस ठरवू. एकाच मशिनवरचे दोघे एका तुकडीत आले तर एकाची वेळ बदलण्याविषयी विचारू. २४ तारखेला प्रत्येकाला आपली तुकडी आणि काम कळेल.

२२पेक्षा जास्त नावं आली तर आधी आलेल्यांना आधी, पुढचे तिघे राखीव, बाकीच्यांना तसं कळवू.

यायचं नसेल तर

काही करू नका. उत्तर आलं नाही म्हणजे "नाही", असंच आम्ही धरू. कारण विचारणार नाही, फोन करणार नाही, जागेवर येऊन विचारणार नाही. १८ तारखेला फलकावर एक आठवण लागेल, ती सगळ्यांसाठी असेल.

तरीही "नाही" असं स्पष्ट कळवून मोकळं व्हायचं असेल तर फॉर्ममध्ये सगळ्यांत वर "यंदा जमणार नाही" हा पर्याय आहे. त्यावर बोट ठेवलं की फॉर्म तिथेच संपतो, नावही मागत नाही.

कंत्राटी आणि प्रशिक्षणार्थी सहकाऱ्यांसाठी हे खास लिहीत आहोत, कारण नाही म्हणणं त्यांनाच सगळ्यांत अवघड जातं: या कामाचा कायम होण्याशी, कंत्राट वाढण्याशी, मूल्यमापनाशी, रजा मंजुरीशी काहीही संबंध नाही. आलेल्यांची यादी फक्त वेळा लावण्यासाठी विभागप्रमुखांना जाईल. न आलेल्यांची यादी बनतच नाही. कुणी तुमच्यावर "आपल्या विभागातून दोन नावं तरी द्या" असा दबाव आणला, तर २१४वर सांगा. तुमचं नाव न घेता आम्ही त्यांच्याशी बोलू. विभागप्रमुखांना ही सूचना वेगळी दिलेली आहेच: नावं गोळा करून पाठवायची नाहीत.

होकार दिल्यावर अडचण आली तरीही चालेल. घरी कुणी आजारी पडलं, लाइनवर काम अडलं, किंवा नुसतं जमेनासं झालं, तर १ तारखेला सकाळी ८:३०पर्यंत २१४वर "जमत नाही" एवढं सांगा. राखीव तिघे त्यासाठीच आहेत. न सांगता राहिलात तर मात्र विश्रांतीच्या जागी एकच माणूस उरतो, म्हणून तेवढा एक फोन नक्की करा.

नावं कमी आली तर काय, हेही ठरलेलं आहे. १२ जणच मिळाले तर शिबिर दुपारी १ वाजता बंद करू. त्याहूनही कमी मिळाले तर रक्तपेढीला कळवून खाटा दोनच लावू. संख्या भरण्यासाठी कुणाला नाव घेऊन बोलावलं जाणार नाही.

स्वयंसेवकांना चहा-नाश्ता आहे, भेटवस्तू किंवा प्रमाणपत्र नाही. त्या दिवशी सुरक्षा बूट आणि ओळखपत्र घालूनच या. हॉलकडे जाणारी वाट स्टोअरच्या फोर्कलिफ्टच्या मार्गावरून जाते, तेव्हा पिवळ्या पट्ट्याच्या आतूनच चाला.

काही विचारायचं असेल तर एक्स्टेंशन २१४, सकाळी ९ ते सायंकाळी ५. दुसऱ्या पाळीसाठी रोज दुपारी ३:३० ते ४ आम्ही कँटीनच्या दारापाशी असू.

आपले,
रक्तदान शिबिर समिती
मनुष्यबळ विभाग व सुरक्षा विभाग, सातपूर, नाशिक