फिटर बॅच २०२३-२५, तुमची चौकोनं कपाटात आहेत

पोरांनो आणि पोरींनो, स्टेजवर मला दोन मिनिटं दिली होती आणि त्यातलं दीड मिनिट पाहुण्यांची नावं घेण्यातच गेलं, म्हणून जे बोलायचं होतं ते आता इथं ग्रुपवर टाकतोय. लांब आहे, एसटीत बसल्यावर वाचा.

तुम्ही सगळे आज इस्त्रीचा शर्ट घालून आलात, दोघा-तिघांना तर मी ओळखलंच नाही. माझ्या डोक्यात तुमचं चित्र अजून पहिल्या महिन्यातलंच आहे. तळहाताला फोड, बोटाला चिकटपट्टी, आणि चेहऱ्यावर एकच प्रश्न, की सर हे लोखंड घासायला आम्ही दोन वर्षांसाठी आलोय व्हय? खरं सांगतो, त्यावेळी मी रागावलो, पण प्रश्न चुकीचा नव्हता. बाहेर कुपवाडच्या एमआयडीसीत सीएनसी मशिनी धडाधड चालल्यात आणि इथं मास्तर हातात कानस देऊन म्हणतोय घास. कुणालाही तसंच वाटणार.

पहिला जॉब आठवतोय का? साधी एमएसची प्लेट, चारी बाजू काटकोनात आणायच्या, बस्स. तीन आठवडे गेले त्यात. सगळ्यांचा मधला भाग उंच आणि दोन्ही कडा उतरलेल्या, कारण फाईल पुढं जाताना सुरुवातीला उजवा हात खाली दाबायचा आणि शेवटी डावा, मग फाईल होडीसारखी डुलायची. ट्राय स्क्वेअर लावून खिडकीकडं धरलं की फटीतनं एवढा उजेड यायचा की मी म्हणायचो, ह्यातनं आख्खी सांगली दिसतीय. तुम्ही हसायचा पण मला माहितीय आतनं वाईट वाटायचं. पलूसकडचा एकजण तर जेवणाच्या सुट्टीत गुपचूप ग्राइंडरवर कड सरळ करून आला होता. रेघा बघूनच कळतं रे, फाईलच्या रेघा आणि दगडाच्या रेघा एक असतात का कधी! त्याला मी नवी प्लेट दिली आणि काही बोललो नाही, कारण ट्रेनी असताना मी ह्याच्यापेक्षा मोठा उद्योग केलेला. एम६ चा टॅप मोडला, भोकातच अडकला, आणि मी तो जॉब वर्कशॉपमागच्या बाभळीखाली पुरून टाकला. अर्धा आटा पुढं, पाव आटा मागं, एवढं साधं पाळलं असतं तर बुरादा तुटून पडला असता. घाई केली, दुसरं काय.

व्हर्नियरचं तर विचारूच नका. ५० भाग, लीस्ट काउंट ०.०२ मिमी, फळ्यावर सगळ्यांना येत होतं. हातात दिलं की एकजण २४.६६ ऐवजी २४.३३ सांगायचा, कारण जुळलेली रेघ मोजायची आणि ०.०२ नं गुणायचं विसरायचं. आणि त्याच महिन्यात पाऊस लागला, कृष्णा वाढायला लागली, तर आयर्विन पुलाची पातळी किती फूट किती इंच हे सगळ्यांना तोंडपाठ! ४० फूट इशारा, ४५ फूट धोका, हे भिलवडीकडची पोरं झोपेत पण सांगतील. मी त्यादिवशी थिअरी बंद केली आणि तिथनंच सुरुवात केली, की पुलाच्या खांबावरची पट्टी वाचता येती ना, मग ही पण पट्टीच आहे, फक्त बारीक. त्या दिवशी वर्गातल्या निम्म्या लोकांना व्हर्नियर कळला असं माझं मत आहे. २०१९ चा पूर ज्यांनी घरात बघितलाय त्यांना एका इंचानं काय फरक पडतो हे मी काय शिकवणार.

दुसरी गोष्ट मोरचूदाची. मार्किंगच्या आधी प्लेटवर मोरचूदाचं पाणी लावायचं, लोखंडावर तांब्याचा लालसर थर बसतो आणि स्क्रायबरची रेघ उठून दिसते, एवढं मी सांगत होतो तर तासगावची पोरगी मागनं म्हणाली, "सर, हे तर आम्ही चुन्यात घालून द्राक्षावर मारतोय, बोर्डो." सगळा वर्ग हसला, ती गप्प झाली. मी त्यावेळी बोललो नाही ही माझी चूक, आज बोलतो. त्या वर्गात मोरचूद लोखंडी बादलीत का कालवायचं नाही हे आधीपासून माहिती असलेली ती एकटी होती. बाकीच्यांना मी कारण सांगितल्यावर कळलं. आणि द्राक्षाची विरळणी करून तिच्या हाताला जी सवय होती ना, हलकं धरायचं, एकसारखं चालायचं, त्यामुळं बॅचमध्ये पहिला सपाट जॉब तिचाच आला.

जतचा आमचा गडी पहाटेच्या एसटीनं यायचा, गाडी चुकली की थेट दुसऱ्या तासाला दारात उभा. मी दोनदा बाहेर काढला. तिसऱ्यांदा कळलं की घरी टँकरची पाळी असली की पाणी भरूनच निघावं लागतं. तेव्हापासनं त्याची हजेरी मी प्रॅक्टिकल सुरू झाल्यावर घ्यायला लागलो, हे ऑफिसला माहीत नाही, आता झालं ते झालं.

ड्रॉइंगला फर्स्ट अँगलमध्ये टॉप व्ह्यू खाली का काढायचा ह्यावर तुम्ही माझ्याशी आठवडाभर भांडलाय. शेवटी खडूचा खोका टेबलावर ठेवून, तो उजवीकडं लवंडवून दाखवला, खाली लवंडवून दाखवला, तेव्हा कुठं सुटलं. इंग्रजीतलं पुस्तक बघून घाबरलेले मराठी शाळेतले तुम्ही, आणि फायनलला मेल-फिमेल फिटिंगमध्ये ±०.०४ मिमीत बसवून दाखवलं, उलटसुलट फिरवून चारी बाजूंनी. खिडकीकडं धरलं तर उजेड नाही. बाहेरून आलेले परीक्षक दोनदा फिरवून बघत होते आणि मी मुद्दाम पाठ करून उभा होतो.

तर आता ज्या कारणासाठी लिहितोय ते. तुमचा तो पहिला वेडावाकडा जॉब मी एकाचाही टाकलेला नाही. चौकोनं म्हणजे बघायला नको असली. तेल लावून, रोल नंबर पंच करून, मागच्या स्टीलच्या कपाटात ठेवलेत. आज सर्टिफिकेट घेऊन फोटो काढून सगळे पळालात, जॉब तसेच राहिलेत. शनिवारी पाचपर्यंत वर्कशॉप उघडं ठेवतोय, येऊन घेऊन जा. किर्लोस्करवाडीला अप्रेंटिसला लागणाऱ्यांनी आधी या, तुमची जॉइनिंगची घाई आहे. ज्यांना लांबून यायला जमणार नाही त्यांनी मित्राकडं निरोप द्या, पण बापाला पाठवू नका, तुमच्या समोरच हातात द्यायचाय मला.

आणखी एक. अनामत रकमेच्या फॉर्मवर बँकेचा आयएफएससी नीट लिहा, तिघांचे फॉर्म परत आलेत.

आणि माझा सहा इंची ट्राय स्क्वेअर दिवाळीपासनं गायब आहे. ज्यानं नेलाय त्यानं शनिवारी टेबलावर ठेवून जावा, मी त्यावेळी चहाला बाहेर जाईन.