काळ ओळखा, काळ दुरुस्त करा: दोन उतारे

आजचा सराव फक्त क्रियापदांच्या काळाचा आहे, बाकी काही चुकवलेलं नाहीये, म्हणजे शब्द, विभक्ती, ऱ्हस्व-दीर्घ सगळं बरोबर आहे असं धरून चाला (एक जागा सोडून, तिथे काळ बदलला की कर्त्यालाही हात लावावा लागेल, ती कुठली ते तुम्हीच शोधा). पहिल्या उताऱ्यात 9 चुका आहेत. आधी पूर्ण उतारा एकदा नुसता वाचून काढा, पेन्सिल नको, कारण एकेक वाक्य सुटं बघितलं तर त्यातली बरीच वाक्यं बरोबरच वाटतात, चूक कळते ती आजूबाजूच्या वाक्यांमुळे. आणि जे चुकीचं दिसतं ते दर वेळी चुकीचं असतंच असं नाही, हे पण लक्षात ठेवा.

उतारा 1

माझी आजी लहानपणी रोज रात्री गच्चीवर झोपते आणि झोप येईपर्यंत चंद्राकडे बघत राहायची. चंद्र पृथ्वीभोवती फिरला, हे तिला शाळेत शिकवलं होतं, पण तिथे कधी माणूस जाईल असं तिला वाटलं नव्हतं. 16 जुलै 1969 ला अपोलो 11 यान उडालं आणि पुढचे काही दिवस घरातला रेडिओ सतत चालू असेल. 20 जुलैला नील आर्मस्ट्राँग आणि बझ ऑल्ड्रिन चंद्रावर उतरतील. काही तासांनी आर्मस्ट्राँग चंद्रावर पहिलं पाऊल ठेवतो, साधारण वीस मिनिटांनी ऑल्ड्रिनही खाली आला. ते दोघं दगडमाती गोळा करत होते तेव्हा मायकल कॉलिन्स वर यानात एकटाच चंद्राभोवती फिरतोय. 24 जुलैला तिघंही समुद्रात सुखरूप उतरले, आणि येताना साडेएकवीस किलोच्या आसपास दगडमाती घेऊन आले. आजीने ही गोष्ट मला इतक्या वेळा सांगेल की ती मला पाठ झालीये. आता ती थकलीये, पण अजूनही पौर्णिमेला खिडकीपाशी बसते. काल रात्री मी तिच्या शेजारी जाऊन बसलो तेव्हा ती चंद्राकडेच बघत आहे. मी म्हटलं, "आजी, झोपायचं नाही का?" ती म्हणाली, "आलेच मी, तू हो पुढे." उद्या मी वर्गात हीच गोष्ट सांगितली, म्हणून आज ती तिच्याकडून पुन्हा एकदा ऐकणार आहे.

उत्तरं (आधी सोडवा, मगच खाली या)

"झोपते" च्या जागी "झोपायची". एक तर "लहानपणी" आणि "रोज" हे दोन शब्द एकत्र आलेत, म्हणजे तेव्हाची सवय, आणि शिवाय त्याच वाक्यात पुढे "बघत राहायची" आहे, वाक्य स्वतःच उत्तर सांगतंय. पुस्तकी मराठीत "झोपत असे" पण चालेल, पण मग पुढेही "बघत राहत असे" करा, अर्धं असं अर्धं तसं नको.

"फिरला" नाही, "फिरतो". इथे खूप जण अडकतात कारण आजूबाजूला सगळा भूतकाळ आहे, पण चंद्र आजही फिरतोच आहे ना, कायमच्या सत्याला साधा वर्तमानकाळ.

"चालू असेल" चं "चालू होता" किंवा "चालू असायचा", दोन्ही बरोबर. "उतरतील" चं "उतरले", हे सोपं होतं, तारीखच दिलीये.

आता ती कर्त्याची जागा. "आर्मस्ट्राँग पाऊल ठेवतो" याचं "आर्मस्ट्राँग पाऊल ठेवला" केलंत तर एक चूक काढून दुसरी घातलीत. बरोबर वाक्य "आर्मस्ट्राँगने पहिलं पाऊल ठेवलं". भूतकाळात क्रियापदाला कर्म असेल तर बहुतेक वेळा कर्त्याला "ने" लागतो आणि क्रियापद कर्माच्या मागे जातं, "पाऊल" नपुंसकलिंगी म्हणून "ठेवलं", ठेवणारा पुरुष आहे का बाई त्याने काही फरक पडत नाही. ऑल्ड्रिन मात्र "खाली आला", तिथे कर्म नाही म्हणून "ने" पण नाही. मी, तू, आम्ही, तुम्ही यांना "ने" कधीच लागत नाही, "मी पाऊल ठेवलं" असंच. आणि काही क्रियापदं कर्म असूनही हा नियम पाळत नाहीत, "तो धडा शिकला", "ती पाणी प्यायली", ती सरळ पाठ करून टाका. "म्हणणे" तर दोन्हीकडे जातं, "ती म्हणाली" पण होतं आणि "तिने म्हटलं" पण होतं, मला स्वतःला मराठीतली ही जागा फार आवडते.

"फिरतोय" चं "फिरत होता", कारण खाली "गोळा करत होते", दोन गोष्टी एकाच वेळी चालू होत्या. "सांगेल" चं "सांगितली आहे", बोलताना "सांगितलीये". खूण "आजीने" मध्येच होती, भविष्यकाळात कर्त्याला असा "ने" येत नाही. "बघत आहे" चं "बघत होती", आणि शेवटच्या "सांगितली" चं "सांगणार आहे" किंवा "सांगेन". हिंदी बोलणाऱ्यांनी इथे जरा जपून, तिकडे "कल" एकच शब्द दोन्हीकडे चालतो, आपल्याकडे "काल" वेगळा आणि "उद्या" वेगळा.

आता जे बरोबर होतं आणि तुम्ही कदाचित खोडलं असेल ते. "माणूस जाईल असं वाटलं नव्हतं" यात "जाईल" बरोबर आहे, आजीच्या मनात तेव्हा जो विचार होता तो मराठीत तसाच्या तसा ठेवतात, इंग्रजीसारखा मागे ढकलत नाहीत. आणि "आलेच मी", अजून उठलीसुद्धा नाहीये तरी भूतकाळ! लगेच करणार असलेल्या गोष्टीला आपण असंच बोलतो, तो "च" काढला तर मात्र अर्थ बदलू शकतो, मग ती खरंच आलेली आहे असंही वाटू शकतं.

उतारा 2 (छोटा आहे, चुका 4)

आज सकाळी मला उठायला उशीर झाला. मी स्टॉपवर पोचलो तेव्हा माझी बस निघून जाते. पुढच्या बसला वीस मिनिटं होती म्हणून मी बाकावर बसून पुस्तक वाचेन. तेवढ्यात एक जुना मित्र भेटला. लहानपणी तो आमच्या शेजारीच राहतो, आम्ही रोज संध्याकाळी खेळायचो. बोलण्याच्या नादात दुसरी बसपण गेली! शेवटी तो म्हणाला, "चल, मी सोडतो तुला." आत्ता मी ऑफिसात बसून तुला हा मेसेज लिहीत होतो, रात्री फोन करतो.

उत्तरं

निघून गेली होती (नुसतं "गेली" लिहिलंत तर तुमच्या डोळ्यांसमोर गेली असं वाटतं, इथे ती आधीच गेलेली आहे), वाचायला लागलो किंवा वाचत बसलो, राहायचा, लिहितोय. "सोडतो" आणि "फोन करतो" यांना हात लावायचा नाही, रूप वर्तमानकाळाचं असलं तरी अर्थ पुढचा आहे आणि बोलताना आपण रोज असंच म्हणतो.