गोकुळ शिरगाव व शिरोली ते चाकण : दहाचाकी फुल लोडसाठी दर मागणी, 1 एप्रिल 2026 ते 31 मार्च 2027

ट्रान्सपोर्ट व्यावसायिक मंडळी, सप्रेम नमस्कार.

आमच्या कोल्हापूरच्या दोन फौंड्रींमधून चाकण एमआयडीसी टप्पा 2 मधील एकाच ग्राहकाकडे कच्चे कास्टिंग (ब्रेक ड्रम व हाउसिंग) जाते. या कामाचे वर्षभराचे दर हवे आहेत.

सोमवार ते शनिवार रोज एक गाडी, म्हणजे महिन्याला साधारण 26 फेऱ्या. महिन्याच्या शेवटच्या चार दिवसांत रोज दोन गाड्या लागतात. त्या नक्की देऊ शकाल का, ते स्पष्ट लिहा.

माल लोखंडी बिनमध्ये असतो. बिन 1.2 बाय 1 मीटर, भरल्यावर सुमारे 780 किलो. एका गाडीत 20 बिन, दोन थरांत. एकूण साधारण 15.6 टन. दुपारी 3 वाजता गोकुळ शिरगावला 8 बिन केबिनच्या बाजूला चढतात, 5 वाजता शिरोलीला उरलेले 12. फोर्कलिफ्ट बाजूने भरते, त्यामुळे फाळके उघडणारी, किमान 22 फुटी बॉडीच चालेल. कंटेनर चालणार नाही. भरणे-उतरवणे आमच्याकडे, हमाली नाही. गाडी संध्याकाळी 7 ला सुटून पहाटे 5 ला ग्राहकाच्या गेटवर हवी; उशीर झाला की चाकणच्या तळेगाव चौकातल्या कोंडीत सकाळ जाते आणि तिकडची लाइन थांबते.

ताडपत्री दोन, न फाटलेल्या. पावसाचे पाणी बिनमध्ये साचले की ड्रमच्या तोंडावर गंज चढतो आणि पूर्ण बिन परत येतो. प्रत्येक बिनच्या रांगेला रॅचेट बेल्ट हवाच. खंबाटकी घाटात ब्रेक लागला की सैल बिन पुढे सरकतात.

रिकामे 20 बिन परत आणण्याचा दर वेगळा द्या. परतीचे भाडे मिळाले म्हणून बिन चाकणलाच ठेवून गाडी निघून जाते, आणि दोन दिवसांनी आमच्याकडे भरायला बिनच नसतात. म्हणून एकतर्फी दर आणि बिनसह येण्याजाण्याचा दर, दोन्ही लिहा. येण्याजाण्याचा दर परवडणारा असेल त्याला प्राधान्य.

दर प्रति फेरी द्या. किणी, तासवडे, आनेवाडी व खेड शिवापूरचा टोल धरून, पण टोलची रक्कम वेगळी दाखवा. डिझेलचा आधारभाव 16 मार्चचा कोल्हापूरचा पंप भाव. तो 3 टक्क्यांपेक्षा जास्त हलला, तर दराच्या 40 टक्के भागावर त्याच प्रमाणात फरक, वाढला तरी आणि उतरला तरी. गेटवर 6 तासांनंतर लागणारा हॉल्टिंग दर लिहा. जीएसटी आरसीएमने की फॉरवर्ड चार्जने, तेही.

ई-वे बिल आम्ही काढू. गाडी वाटेत बंद पडल्यास दुसरी 4 तासांत देऊन तिचा नंबर लगेच कळवावा, म्हणजे पार्ट बी बदलता येईल. पैसे सही-शिक्क्याची पोच मिळाल्यापासून 30 दिवसांत.

सोबत पॅन, जीएसटी नोंदणी, स्वतःच्या गाड्यांच्या आरसी व विम्याच्या प्रती जोडा. बाजारातून किती गाड्या घ्याल, तेही लिहा. सर्व दर याच मेलला उत्तर म्हणून सोमवार, 16 मार्च 2026, संध्याकाळी 5 पर्यंत पाठवा.

आपला,
व्यवस्थापक, डिस्पॅच विभाग
शिरोली, 4 मार्च 2026