हँडआउट ७ : ‘~ते इमास’चे दोन अर्थ

हँडआउटमध्ये नियम एका ओळीत उरकला आहे: जपानीतलं ‘~ते इमास’ म्हणजे चालू क्रिया किंवा क्रियेनंतर उरलेली स्थिती. कोणत्या वेळी कोणता अर्थ घ्यायचा, हे मात्र तिथल्या चार वाक्यांवरून आपल्याला काढावं लागतं.

१. तानाका-सान वा होन ओ योन्दे इमास. (तानाका पुस्तक वाचत आहेत.)
२. देन्की गा त्सुइते इमास. (दिवा लागलेला आहे.)
३. यामादा-सान वा केक्कोन शिते इमास. (यामादांचं लग्न झालेलं आहे.)
४. बासु वा मादा किते इमासेन. (बस अजून आलेली नाही.)

वाचन काही वेळ चालतं, म्हणून पहिल्या वाक्यात ‘वाचत आहेत’. दिवा लागणं क्षणात होतं आणि मागे उरतो तो लागलेला दिवा. तिसऱ्या वाक्याचा ‘यामादा लग्न करत आहेत’ असा अर्थ लावणं ही नेहमीची चूक. क्रियापद वेळ खाणारं असेल तर मराठीत ‘-त आहे’, क्षणात बदल घडवणारं असेल तर ‘-लेला आहे’. बहुतेक वाक्यं एवढ्यावर सुटतात.

आता हँडआउटबाहेरची वाक्यं घेऊ.

आमे गा फुत्ते इमास. (पाऊस पडतो आहे.)
साइफु गा ओचिते इमास. (पाकीट पडलेलं आहे.)

मराठीत दोन्हीकडे ‘पडणे’च, पण जपानीत क्रियापदं वेगळी: फुरु आणि ओचिरु. पाऊस पडत राहतो, पाकीट पडून राहतं.

चिचि वा ओसाका नि इत्ते इमास.

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो. वडील ओसाकाच्या वाटेवर आहेत असं नाही, ते ओसाकाला गेलेले आहेत आणि अजून तिथेच आहेत. जाणं, येणं, परतणं, म्हणजे इकु, कुरु, काएरु, ही तिन्ही याच गटातली. तसंच ‘किंग्यो गा शिन्दे इमास’ म्हणजे मासा मेलेला आहे. मरायला टेकला असेल तर ‘शिनिसो देस’.

काही क्रियापदं दोन्हीकडे चालतात. ‘किमोनो ओ किते इमास’ म्हणजे बहुधा ‘किमोनो घातलेला आहे’. घालण्याचं काम आत्ता चालू आहे हे नेमकं सांगायचं असेल तर ‘किते इरु तोकोरो देस’ म्हणावं. (चौथ्या वाक्यातलं ‘किते’ हे कुरुचं रूप आणि हे किरुचं. गफलत इथेही होते.)

नकारात चौथं वाक्यच नमुना म्हणून धरा. ‘हिरुगोहान ओ ताबेमाश्ता का’ असा भूतकाळात प्रश्न आला की उत्तरही भूतकाळात, ‘इइए, ताबेमासेन देश्ता’, असं तोंडून निघून जातं. त्याचा अर्थ जेवणाची वेळ टळली, जेवलोच नाही. अजून जेवायचं असेल तर ‘इइए, मादा ताबेते इमासेन’.

अपवाद एकच पाठ करा: ‘शित्ते इमास’ (माहीत आहे) याचा नकार ‘शिरिमासेन’. ‘शित्ते इमासेन’ म्हणू नका.