मार्केट डेटा प्लॅनसाठी महिन्याच्या कॉल्सचा हिशेब: ४० शेअर्स, २ निर्देशांक, १२ म्युच्युअल फंड

हा हिशेब घरच्या पोर्टफोलिओच्या पाहणीसाठी आहे. ऑर्डर हातानेच टाकायच्या आहेत, स्क्रिप्ट फक्त भाव आणते आणि ठरलेली पातळी ओलांडली गेली की मेसेज पाठवते. समोर भाव पुरवणाऱ्या एका कंपनीचे तीन प्लॅन आहेत. मोफत प्लॅनमध्ये दिवसाला ५०० आणि मिनिटाला ५ कॉल मिळतात. ४९९ रुपयांच्या प्लॅनमध्ये महिन्याला २५,००० आणि मिनिटाला ६०. १,२९९ रुपयांच्या प्लॅनमध्ये महिन्याला १,००,०००. या कंपनीकडे एका विनंतीत अनेक शेअर्स मागता येतात, पण मोजणी शेअरमागे एक कॉल अशीच होते. त्यामुळे खाली सगळीकडे एक शेअर म्हणजे एक कॉल धरला आहे.

दिवस २३ धरले आहेत. ३१ दिवसांच्या महिन्यात सोमवार ते शुक्रवार असे जास्तीत जास्त २३ दिवस येतात. २१ची सरासरी धरली, तर लांब महिन्यात शेवटचे दोन दिवस स्क्रिप्ट कोरडी पडेल. कोटा खरेदीच्या तारखेपासून ३० दिवसांचा असला तरी त्यात २२ पेक्षा जास्त कामाचे दिवस बसत नाहीत.

एनएसईचा बाजार ९:१५ ते ३:३०. दर १५ मिनिटांनी, ९:३० पासून ३:३० पर्यंत, २५ फेऱ्या होतात. मूळ बेतानुसार प्रत्येक फेरीत सगळ्यांचे भाव आणि संध्याकाळी शेअर्सचे बंद भाव मागवले, तर:

```
42 × 25 × 23          = 24150
संध्याकाळ  40 × 23     =   920
शनिवार  40 × 2 × 5     =   400
एकूण                   = 25470
```

शनिवारचे दोन कॉल म्हणजे आठवड्यातल्या सुटलेल्या कँडल्सची तपासणी आणि बोनस-स्प्लिटची माहिती. फेरप्रयत्न धरण्याआधीच २५,००० ओलांडले. इथे १,२९९ चा प्लॅन घ्यावासा वाटतो, पण आधी मागणीच तपासायला हवी.

४० पैकी १२ शेअर्समध्येच गुंतवणूक किंवा लावलेली ऑर्डर आहे. उरलेले २८ नुसते नजरेखाली आहेत, त्यांना तासाला एकदा, म्हणजे दिवसाला ७ फेऱ्या पुरतात. संध्याकाळचे ४० कॉल तर पूर्ण वगळता येतात: एनएसईची रोजची भावकॉपी मोफत मिळते आणि एकाच फाइलीत सगळे शेअर्स असतात. फंडांची एनएव्हीही ॲम्फीच्या रोजच्या फाइलीतून येते, तिथे शून्य कॉल. मात्र भावकॉपीतले जुने भाव बोनस-स्प्लिटनुसार सुधारलेले नसतात, म्हणून शनिवारची ती तपासणी काढायची नाही.

```
(12 + 2) × 25         =   350
28 × 7                =   196
दिवसाला                =   546
546 × 23              = 12558
शनिवार                 =   400
फेरप्रयत्न 5%           =   648
हाताने चाचण्या 10 × 42   =   420
पहिली भरणी 40 × 8       =   320
एकूण                   = 14346
20% राखीव धरून         = 17215
```

भरणी म्हणजे दोन वर्षांच्या १५ मिनिटांच्या कँडल्स. एका कॉलमध्ये १०० दिवस मिळतात, म्हणून ७३० दिवसांना शेअरमागे ८ कॉल. हा खर्च फक्त पहिल्या महिन्याचा.

फेरप्रयत्नांचे ५ टक्के असे ठरवले: फसलेला कॉलही मोजला जातो. सर्व्हर तासभर बंद राहिला आणि प्रत्येक कॉलमागे ३ फेरप्रयत्न झाले, तर १५ मिनिटांच्या चार फेऱ्यांत १६८ आणि तासाच्या फेरीत ८४, एकूण २५२ जादा कॉल. ६४८ मध्ये असे दोन तास आरामात बसतात. ३ ची मर्यादा मात्र कोडमध्ये हवीच, आणि प्रयत्नांमध्ये २, ४, ८ सेकंदांची थांबणूक. मर्यादा ओलांडल्याचा 429 आला की लगेच पुन्हा मागणारी स्क्रिप्ट एका दुपारी महिन्याचा कोटा संपवू शकते.

निर्णय: ४९९ चा प्लॅन. मोफत प्लॅन ५४६ मुळे थोडक्यात हुकतो, पण खरी अडचण मिनिटाला ५ ची आहे. ४२ भाव आणायला आठ मिनिटांहून जास्त वेळ लागेल आणि एकाच फेरीतले भाव एकमेकांशी ताडून पाहता येणार नाहीत. ४९९ च्या प्लॅनमध्ये दोन कॉल्समध्ये १.२ सेकंद ठेवले की मिनिटाला ५० होतात आणि पूर्ण फेरी मिनिटाच्या आत संपते.

सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर आहे, म्हणून वेळापत्रक असं:

```
*/15 4-9 * * 1-5
0 10 * * 1-5
```

पहिली ओळ ९:३० ते ३:१५, दुसरी ३:३०. क्रॉनला बाजाराच्या सुट्ट्या कळत नाहीत. एनएसईची सुट्ट्यांची यादी स्क्रिप्टने सुरुवातीलाच तपासावी, नाहीतर प्रत्येक सुट्टीला ५४६ कॉल वाया.

प्रत्येक कॉलची एक ओळ `calls.log` मध्ये जाईल, भरणीची वेगळ्या फाइलीत. पूर्ण पाच दिवस आणि शनिवार झाल्यावर `wc -l calls.log` चा आकडा २,८१० च्या जवळ यायला हवा. ३,००० च्या वर गेला, तर आधी स्क्रिप्टच्या दोन प्रती एकाच वेळी चालू आहेत का ते पाहावं, मग फेरप्रयत्नांच्या ओळी मोजाव्यात.