गुहागरच्या घराची मापे: काकांच्या कागदावरून केलेली खोलीवार यादी

काका, नमस्कार.

तुम्ही काढलेल्या नकाशाचे फोटो मिळाले. त्यावरची सगळी मापे खोलीवार टाइप करून खाली दिली आहेत. हीच यादी लादीवाल्याला, सुतारमामांना आणि मुंबईला दादाला पाठवायची आहे, म्हणून ज्याने कागद पाहिलेला नाही त्यालाही कळेल अशी लिहिली आहे. कागदावर जे आहे तेच इथे आहे. बेरीज जुळत नव्हती तिथे मी मनाने आकडा बदललेला नाही, शेजारी (?) केले आहे. (?) असलेले माप धरून कोणीही माल मागवू नये.

कागद कसा वाचला

अंगणातून घराकडे तोंड करून उभे राहिले की उजवा हात उत्तर. प्रत्येक खोलीचे पहिले माप उत्तर-दक्षिण, म्हणजे आडवे. दुसरे माप अंगणाकडून परसाकडे, म्हणजे खोल. कागदावर हा क्रम कुठे असा, कुठे उलटा होता. इथे सगळीकडे एकच ठेवला आहे.

मापे फूट-इंचांत आणि गिलाव्यापासून गिलाव्यापर्यंत. तीन आकडे असतील तिथे तिसरा सूत: ४ सूत म्हणजे अर्धा इंच.

कागदावर तुमचे आकडे मराठी आहेत आणि दादाने नंतर निळ्या पेनने घातलेले इंग्रजी. यात खरी गोची आहे, कारण तुमचा १ इंग्रजी नऊसारखा दिसतो आणि ४ इंग्रजी आठासारखा. काळ्या शाईचा प्रत्येक आकडा मी मराठी धरला, निळा इंग्रजी, आणि मग बेरजेवर पडताळला. फूट आणि इंच यांच्यामध्ये काही ठिकाणी टिंब आहे. माजघरातून स्वयंपाकघरात जायच्या दाराला "२.१०" लिहिले आहे. संगणकाच्या तक्त्यात हे तसेच टाकले तर शेवटचे शून्य गळून २.१ उरते आणि दार नऊ इंचांनी अरुंद होते. म्हणून यादीत कुठेही टिंब नाही, सगळे २'-१०" असे लिहिले आहे. टिंब फक्त चौरस फुटांत आहे, तिथे तो नेहमीचा दशांश.

भिंती

चिऱ्याच्या सगळ्या भिंती गिलाव्यासकट १'-३". मधले दोन पडदे (देवघर आणि बाळंतिणीची खोली यांच्यामधला, कोठी आणि न्हाणी यांच्यामधला) अर्ध्या विटेचे, ५". पडवीचा कठडा ९".

पुढची पडवी

बाहेरून ३४'-२" × ७'-६". हे जोत्याच्या कडेपासूनचे माप आहे. कठडा वजा करून आतली मोकळी जागा ३२'-८" × ६'-९", २२०.५ चौरस फूट. अंगणातून तीन पायऱ्या, प्रत्येकी ७", म्हणजे जोते १'-९" उंच. वळचणीकडची उंची ७'-०".

ओटी

१८'-३" × १०'-९". क्षेत्रफळ १९६.२ चौरस फूट. पडवीपेक्षा ८" वर. तक्तपोशीपर्यंत उंची ९'-२". कोबा तसाच ठेवायचा असे तुम्ही लिहिले आहे, त्यामुळे लादीच्या हिशेबात ओटी नाही. झोपाळ्याच्या कड्यांमधले अंतर ४'-६".

आजोबांची खोली (ओटीच्या डाव्या हाताला)

११'-८" (?) × १०'-९". आडव्या मापाचा घोळ पुढे "बेरीज" खाली लिहिला आहे. फडताळ ३'-०" रुंद, ५'-०" उंच, १०" खोल. ते कोणत्या भिंतीत आहे ते कागदावरून कळत नाही.

माजघर

१८'-३" × १३'-४". क्षेत्रफळ २४३.३ चौरस फूट. ओटीपेक्षा ४" वर. तुळईखाली उंची ८'-५".

मधल्या खांबाला कागदावर "९-१-४" आहे. आधी मला ते ९'-९" वाटले होते. पण ९ फूट १ इंच ४ सूत म्हणजे १८'-३" चे बरोबर निम्मे, तेव्हा खांबाचा मध्य उत्तर भिंतीपासून ९'-१½" वर आहे. खांब ७" × ७". लादी त्याच्याभोवती कापावी लागणार.

माळ्यावर जायची शिडी वायव्य कोपऱ्यात, वरचे भोक २'-६" × ३'-०". उत्तर भिंतीत दोन कोनाडे, प्रत्येकी १'-३" × १'-६", ८" खोल.

कोपऱ्यातून कोपऱ्यात एक तिरके माप दिले आहे: २२'-१०", नैऋत्येकडून ईशान्येकडे. हे घेतलेत ते फार बरे झाले. खोली काटकोनात असती तर तिरके माप २२'-७¼" आले असते. पावणेतीन इंच जास्त आहे, म्हणजे माजघर तिरके आहे आणि दुसरे तिरके माप २२'-४½" च्या आसपास निघायला हवे. लादीवाल्याने भिंतीला धरून पहिली ओळ लावली तर समोरच्या भिंतीपाशी पाचर निघेल. मधून दोरी मारून सुरुवात करायची हे त्याला आधीच सांगा. आणि २४३ फुटांवर थोडी जास्तच लादी मागवा, कापण्यात जाईल.

देवघर

१२'-२" × ५'-०". क्षेत्रफळ ६०.८ चौरस फूट. दार माजघरात. लादी बदलायची नाही.

बाळंतिणीची खोली

१२'-२" × ७'-११". क्षेत्रफळ ९६.३ चौरस फूट. निळ्या पेनने "7-11" आहे. शेवटच्या दोन रेघा अकरा की नुसती इंचाची खूण, असा प्रश्न होता. ७'-११", पडदा ५" आणि देवघर ५'-०" मिळून १३'-४" होतात, म्हणजे माजघराएवढेच. तेव्हा अकराच.

स्वयंपाकघर

१८'-३" × ११'-६". क्षेत्रफळ २०९.९ चौरस फूट. माजघरापेक्षा २" खाली. माळा नाही, परसाकडच्या भिंतीवर उंची ८'-४". ओटा उत्तर भिंतीला, ९'-६" लांब, २'-०" रुंद. त्याची १९ चौरस फूट जागा वरच्या आकड्यातून वजा केलेली नाही, कारण ओटा तोच राहणार की नवीन होणार हे काकूंनी अजून ठरवलेले नाही.

कोठी

६'-४" × ११'-६". क्षेत्रफळ ७२.८ चौरस फूट.

न्हाणी

५'-५" × ११'-६". क्षेत्रफळ ६२.३ चौरस फूट. इथे प्लंबरने सेंटिमीटरमध्ये "165 × 350" लिहून ठेवले आहे. १६५ सेंटिमीटर म्हणजे ५'-५" आणि ३५० म्हणजे ११'-५¾", कोठीच्या खोल मापाशी पाव इंचाच्या आत जुळते. लादी खरखरीत हवी, तिचा हिशेब वेगळा ठेवा.

मागची पडवी

२०'-९" × ६'-०", फक्त स्वयंपाकघराच्या मागे. क्षेत्रफळ १२४.५ चौरस फूट. न्हाणीच्या मागे पडवी नाही, तिथे थेट परस.

दारे (रुंदी × उंची, उंची उंबऱ्यावरून)

| दार | कुठे | माप |
|---|---|---|
| द१ | पडवी ते ओटी, दुझडपी | ३'-६" × ६'-२" |
| द२ | ओटी ते माजघर | ३'-०" × ५'-१०" |
| द३ | ओटी ते आजोबांची खोली | २'-९" × ५'-१०" |
| द४ | माजघर ते देवघर | २'-६" × ५'-८" |
| द५ | माजघर ते बाळंतिणीची खोली | २'-६" × ५'-८" |
| द६ | माजघर ते स्वयंपाकघर | २'-१०" × ५'-१०" |
| द७ | स्वयंपाकघर ते मागची पडवी | २'-१०" × ६'-०" |
| द८ | स्वयंपाकघर ते कोठी | २'-३" × ५'-८" |
| द९ | न्हाणी ते परस | २'-४" × ६'-०" |

खिडक्या (चौकटीच्या आतून, शेवटी जमिनीपासूनची उंची)

| खिडकी | कुठे | माप | जमिनीपासून |
|---|---|---|---|
| ख१, ख२ | ओटी, पडवीकडे | ३'-०" × ३'-६" | २'-०" |
| ख३ | आजोबांची खोली, दक्षिण | ३'-०" × ३'-६" | २'-०" |
| ख४ | माजघर, उत्तर | २'-१०½" × ३'-३" | २'-३" |
| ख५ | बाळंतिणीची खोली, दक्षिण | १'-६" × २'-०" | ४'-६" |
| ख६ | स्वयंपाकघर, उत्तर, ओट्यावर | ३'-०" × ३'-०" | ३'-३" |
| ख७ | न्हाणीचा झरोका | १'-६" × १'-०" | ६'-०" |

खिडक्यांना तुम्ही "आतून" लिहिले आहे, दारांना काहीच नाही. सुतारमामांना झडपा करायच्या आहेत, तेव्हा दाराचे माप चौकटीच्या आतून की बाहेरून, हे त्यांनी स्वतः पाहिल्याशिवाय लाकूड कापू नये.

बेरीज

खोल माप, उजवी बाजू: ७'-६" + १'-३" + १०'-९" + १'-३" + १३'-४" + १'-३" + ११'-६" + १'-३" + ६'-०" = ५४'-१". कागदावर "५४-१". जुळले.

खोल माप, डावी बाजू, मागच्या पडवीशिवाय: ४८'-१". कागदावरही तेच.

रुंदी, माजघराच्या ओळीत: १'-३" + १८'-३" + १'-३" + १२'-२" + १'-३" = ३४'-२". पडवीच्या लांबीएवढी. जुळले.

रुंदी, मागच्या ओळीत: कोठी, पडदा आणि न्हाणी मिळून १२'-२". जुळले.

रुंदी, ओटीच्या ओळीत: १'-३" + १८'-३" + १'-३" + ११'-८" + १'-३" = ३३'-८". इथे ६" कमी पडतात. ११'-८" हा आकडा स्वच्छ लिहिलेला आहे, वाचण्यात चूक नाही. एक तर ओटी आणि आजोबांची खोली यांच्यामधली भिंत तिथे १'-९" असेल, किंवा टेप भिंतीऐवजी एखाद्या कपाटाला टेकली असेल. मला पहिले जास्त शक्य वाटते. पण अंदाजावर यादी चालत नाही. द३ ची चौकट याच भिंतीत आहे, म्हणून सुतारमामांनाही हे आधी कळायला हवे.

लादीसाठी

माजघर २४३.३, स्वयंपाकघर २०९.९, कोठी ७२.८, बाळंतिणीची खोली ९६.३. एकूण ६२२.३ चौरस फूट. उंबरे लाकडी असल्यामुळे दाराखालची जागा धरलेली नाही. जुन्या फरशीवरच नवी बसवली तर मसाल्यासकट जमीन दीड इंच तरी वर येईल. द५ आणि द८ आधीच ५'-८" आहेत, उंबऱ्याची उंचीही कमी होईल. त्यामुळे जुनी फरशी काढूनच काम करावे असे मला वाटते. दादा खर्चावरून कुरकुरेल, त्याच्याशी मी बोलते.

पुन्हा मोजायचे

१. आजोबांच्या खोलीची आडवी लांबी, दोन ठिकाणी: दाराजवळ आणि खिडकीजवळ. द३ च्या चौकटीत टेप धरून भिंतीची जाडीही.
२. माजघराचे दुसरे तिरके माप, वायव्येकडून आग्नेयेकडे. शिडी बाजूला करावी लागेल.
३. सगळ्या दारांच्या चौकटीची आतली रुंदी.
४. आजोबांच्या खोलीतले फडताळ कोणत्या भिंतीत, आणि कोपऱ्यापासून किती अंतरावर.

टेपचे एक टोक चिनूला धरायला द्या, एकट्याने मोजू नका. आकडे फोनवर सांगितलेत तरी चालेल, मी यादीत घालून त्याच दिवशी सगळ्यांना पाठवते. लादीवाल्याला तोपर्यंत फक्त स्वयंपाकघर आणि कोठीची मापे द्या. ती पक्की आहेत.