ती. आजी-आजोबांना, आखेनहून

आखेन, जर्मनी
१२ फेब्रुवारी

ती. आजी आणि आजोबा,
शि. सा. न.

कशी आहेस गं आजी? आणि आजोबा तुम्ही? गणपतीनंतर आपलं नीट बोलणंच झालं नाही, खुशाली बाबांकडून कळायची पण ते "बरी आहेत दोघं" एवढ्यावर आटपतात, त्याने माझं कुठे भागणार. थिसिस एकदाचा सबमिट झाला आणि आता पहिलं काम हे पत्र. सानिकाच्या व्हॉट्सॲपवर पाठवतेय, ती मोठ्याने वाचून दाखवेल (सानू, काही गाळू नको हं).

आजोबा, तुम्हाला हे सांगायचंच होतं. इथे गावाच्या मधोमध गंधकाचे गरम झरे आहेत, अगदी आपल्या उन्हाळ्याला आहे तसंच पाणी! एलिझेनब्रुनेन म्हणतात त्या जागेला, पाणी पन्नास डिग्रीच्या आसपास, जवळ गेलं की तोच उकडलेल्या अंड्याचा वास. बाराशे वर्षांपूर्वी शार्लमेन राजा याच पाण्यापायी इथे मुक्काम ठोकून राहिला. मी धारेखाली हात धरला आणि मला एकदम आठवलं, राजापूरची गंगा आली होती तेव्हा तुम्ही पहाटे उठवून एसटीने नेलं होतंत, आधी चौदा कुंडं, मग उन्हाळ्याला आंघोळ, पाणी पोळतंय म्हणून मी रडतेय आणि तुम्ही तांब्याने थोडं थोडं पायावर घालताय. तिथेच उभी राहून तुमची इतकी आठवण आली की काय सांगू.

आजी, तू दिलेलं कुळथाचं पीठ पुरवून पुरवून वापरतेय. बाहेर बर्फ पडत असला की पिठीच करायची, लसूण ठेचून फोडणी, दोन आमसुलं, आणि पीठ ओतताना हात थांबवायचा नाही, तू सांगितलंस तस्सं. माझी इराणी रूममेट आता स्वतःहून विचारते आज पिठी-भात आहे का म्हणून. तुला बघायचंय तिला, व्हिडिओवर भेटवते.

आता तुमचं सांगा. आजीच्या डोळ्याचं ऑपरेशन झाल्यावर सुईत दोरा ओवता येतो का गं? मागच्या परड्यातल्या हापूसला मोहोर धरलाय का, की थंडी कमी पडली यंदा? आजोबा, गुडघा दुखत असताना काजूच्या बिया गोळा करायला वर डोंगरात जाऊ नका प्लीज, सानिकाला पाठवा.

मेमध्ये येतेय, तिकीट काढलंय! चांगली तीन आठवडे राहणार आणि सगळे दिवस तुमच्याकडेच, मुंबईला फक्त उतरायचं. साटं घालायची असतील तर मी आल्यावर घाल आजी, मला शिकायचीत. इथून काय आणू ते सांगा, "काही नको" चालणार नाही.

रविवारी दिवेलागण झाली की साडेसातला फोन करते, इथे तेव्हा तीनच वाजलेले असतात त्यामुळे निवांत बोलू. फोन स्पीकरवर ठेवा म्हणजे दोघांशी एकदम बोलता येईल.

दोघांना नमस्कार आणि आजीला एक घट्ट मिठी.

तुमची लाडकी,
मनू